पाण्याच्या ताळेबंदाची पीपीटी: कुठली स्लाईड आधी, कुठली नंतर, आणि शेवट कशावर करू?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. पावसाळा सरला की आम्ही गावोगावी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतो. यंदा पाऊस किती पडला, विहिरी-तळ्यांत किती साठलं, पिण्याला किती लागेल, रब्बीला किती उरेल आणि लोकांच्या मनात जी पिकं आहेत त्यांना ते पुरेल का, एवढाच विषय. हिशोब बरोबर असतो. घोडं अडतं ते मांडणीपाशी.

गेल्या आठवड्यात एका गावात देवळाच्या सभामंडपात पडदा लावला. सत्तरएक माणसं होती. सहाव्या स्लाईडपर्यंत निम्मी मोबाईलमध्ये गेली. शेवटी "धन्यवाद" आलं आणि सगळे चहाकडे उठले. एक आजोबा जाताना म्हणाले, "पोरी, चांगलं सांगितलंस, पण करायचं काय ते राहिलं." करायचं काय, हे नवव्या स्लाईडवर होतं!

स्लाईडचा क्रम असा: प्रस्तावना, संस्थेची ओळख, उद्दिष्टे, गावाची माहिती, पर्जन्यमान, पाण्याची उपलब्धता, पिकांची गरज, तूट, उपाययोजना, धन्यवाद.

पुढचं गाव दहा दिवसांवर आहे. आकडे साधारण असे. पाऊस ४१० मिमी, गावाचं क्षेत्र ९०० हेक्टर, म्हणजे गावावर पडलेलं पाणी ३६९ कोटी लिटर. त्यातलं खरिपाने, उन्हाने आणि ओढ्याने नेलं ते वजा जाता हाताशी सुमारे ५२ कोटी. माणसं-जनावरांना पुढच्या आठ महिन्यांसाठी ३ कोटी बाजूला काढले की शेतीला ४९ उरतात. लोकांच्या मनात आहे १५० एकर कांदा, १०० एकर गहू, १५० एकर हरभरा. त्याला लागतात ६३ कोटी. तूट १४ कोटींची. उपाय म्हणून आम्ही सांगणार ते ३० एकर कांदा कमी आणि गव्हाऐवजी हरभरा.

एका स्लाईडवरून दुसरी उगवावी आणि शेवट घरी जाईपर्यंत डोक्यात राहावा, यासाठी काय करू?

---

चकलीवाली

माळरान, आधी पांढरी पार्श्वभूमी काढून टाक. गडद निळ्यावर पिवळी अक्षरं लांबून छान दिसतात. आणि ट्रान्झिशन घाल, स्लाईड पान उलटल्यासारखी जाते ना, ते. एकीतून दुसरी निघाल्यासारखी वाटते. मी भाच्याच्या साखरपुड्याच्या व्हिडिओला वापरलं होतं, सगळे विचारत होते कुणी केलं म्हणून.

---

माळरान

ताई, धन्यवाद, पण मला मजकुराचा क्रम विचारायचाय. पान उलटल्याने विषय पुढे सरकत नाही. (पिवळ्या अक्षरांचं मात्र बघते, सभामंडपात उजेड असतोच.)

---

कोकणी_कन्सल्टंट

बारा वर्षं हेच करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमचा निष्कर्ष नवव्या स्लाईडवर आहे, तो पहिल्यावर आणा. "यंदा १४ कोटी लिटर तूट आहे, ३० एकर कांदा कमी करा आणि गव्हाऐवजी हरभरा घ्या." मग का, कसं, किती. ऐकणाऱ्याने पाचव्या मिनिटाला उठून गेलं तरी मुद्दा पोचलेला असतो. आमच्याकडे साहेब लोक तिसऱ्या स्लाईडपुढे जातच नाहीत.

---

पाठकोरा

मी कृषी विस्तारात होतो, तीस वर्षं गावोगाव सभा घेतल्या. आधी फ्लिपचार्टवर, मग स्लाईडवर. नाव पाठकोरा यासाठी, की आयुष्यभर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर टिपणं काढली.

कोकणी, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. साहेबाला निर्णय घ्यायचा असतो आणि त्या निर्णयाने त्याच्या स्वतःच्या खिशातून काही जात नाही. इथे समोर बसलेल्याचं कांद्याचं रोप वाफ्यात उभं आहे. "३० एकर कमी करा" हे पहिल्या मिनिटाला ऐकलं की तो पुढचं ऐकत नाही, आपला कांदा कसा वाचवायचा याची वाक्यं मनात जुळवत बसतो. जे उत्तर टोचणारं आहे ते शेवटी यावं, आणि तेही आपल्या तोंडून येण्याआधी त्यांच्या मनात आलेलं असावं. क्रम लावायचा तो यासाठी.

माळरान, आता एक काम कर. लॅपटॉप मिट. दहा लग्नपत्रिका घे (घरात असतीलच), प्रत्येकीच्या मागे एका स्लाईडचं शीर्षक लिही आणि जमिनीवर ओळीत मांड. मग लागोपाठच्या दोन पत्रिकांच्या मध्ये "म्हणून" किंवा "पण" घालून मोठ्याने वाच. "पर्जन्यमान, म्हणून पाण्याची उपलब्धता." "पिकांची गरज, पण तूट." काही अर्थ लागतो? लागत नाही, कारण ही शीर्षकं म्हणजे कप्प्यांची नावं आहेत. कप्प्याला "म्हणून" जोडता येत नाही, वाक्याला येतं. प्रत्येक पत्रिकेवर क्रियापद असलेलं एक पूर्ण वाक्य लिही. ज्या जोडीत फक्त "आणि" बसतं, तिथे साखळी तुटलेली आहे असं समज.

---

माळरान

काका, केलं. आईने विचारलं पत्रिका का पसरल्यास, कुणाचं ठरलं का.

वाक्यं अशी झाली:

"यंदा गावावर ३६९ कोटी लिटर पाऊस पडला."
पण "त्यातलं ५२ कोटीच आपल्या हाताशी आहे."
म्हणून "पिण्याचं काढून शेतीला ४९ कोटी उरतात."
पण "आपल्या मनातल्या पिकांना ६३ कोटी लागतात."
म्हणून "१४ कोटींची तूट येणार."
म्हणून "गहू आणि कांदा कमी करावा लागेल."

प्रस्तावना, संस्थेची ओळख, उद्दिष्टे आणि गावाची माहिती कुठेच जोडता आली नाहीत. चारही गेली. दहाची सहावर आले, छातीत धस्स झालं.

---

पाठकोरा

चांगलं झालंय. आता दुसरी चाळणी. प्रत्येक पानावर जो आकडा आहे तो पुढच्या कुठल्या तरी पानात वापरला गेलाय का ते बघ. ४९ वापरलाय, ६३ वापरलाय. ३६९ चं पुढे काय झालं?

---

माळरान

त्यातून ५२ निघतात ना.

---

पाठकोरा

तुझ्या ऑफिसात निघतात. सभेत तू ती वजाबाकी करून दाखवणार आहेस का? उन्हाने किती, ओढ्याने किती, मुरलेल्यातलं किती हाती लागतं? नाही दाखवणार, कारण त्याला तासभर लागेल आणि तरी कुणाला पटणार नाही. म्हणजे ३६९ नुसता डोळे दिपवायला आहे. उलट कुणीतरी उठून म्हणेल, "पडलं ३६९ आणि तुम्ही म्हणता ५२, बाकीचं कुणी प्यायलं?" तुझी पंचवीस मिनिटं तिथेच जातील. ती स्लाईड टाकून देऊ नकोस, लपवून अगदी शेवटी ठेव. कुणी विचारलंच तर तिचा नंबर दाबून एंटर मार, ती उघडते.

---

दिमडी

मध्येच घुसतो. मी कीर्तनाला तबला साथ करतो, आजोबा नारदीय कीर्तनकार होते. तुमची चर्चा वाचून वाटलं, हे सगळं आमच्याकडे बसवून ठेवलेलं आहे.

नमन झालं की बुवा एक अभंग घेतात. तो पूर्वरंगाचा मूळ अभंग. त्यावर निरूपण करतात, दृष्टांत देतात, पण फार लांब गेले की धृपदावर परत येतात. मग मध्यंतर, बुक्का लावणं, हार. त्यानंतर उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगात जे तत्त्व सांगितलं तेच आता एखाद्या माणसाच्या गोष्टीतून येतं. आणि आख्यान संपताना बुवा पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच, चाल बहुधा तीच. पण सुरुवातीला जो अभंग नुसता कानावर पडला होता तो आता आख्यानातून गेलेल्या माणसाला ऐकू येतो. आजीबायका डोळे पुसतात ते आख्यान चालू असताना नाही, तर या परतीच्या ओळीला. साथीला बसल्यावर समोरचे चेहरे दिसतात, म्हणून सांगतो.

मला पीपीटीतलं काही कळत नाही. पण शेवटी नवं काही आणू नका. जे पहिलं दाखवलं तेच परत दाखवा.

---

पाठकोरा

दिमडी, माझी तीस वर्षं तुम्ही एका परिच्छेदात सांगितलीत.

माळरान, मग पहिली स्लाईड कशाची? परत दाखवण्याजोगी असली पाहिजे. म्हणजे आकडा नको, चित्र हवं, आणि ते त्याच गावातलं हवं.

---

माळरान

माझ्याकडे मेमधला फोटो आहे! गावच्या पिण्याच्या विहिरीचा. तळ दिसतोय, तळाशी गाळात एक घागर, आणि कठड्यापलीकडे टँकर उभा. पाच परस विहीर आहे. टँकरवाला पाईप विहिरीत सोडतोय, लोक खालून शेंदून घेतायत.

---

कोकणी_कन्सल्टंट

फोटो पहिला, कबूल. पण शेवटी तोच फोटो म्हणजे घाबरवून पाठवणं झालं. शेवटच्या स्लाईडवर लोकांनी काय करायचं ते लिहिलेलं असावं. तीन ओळी, तारखेसह. भावनेवर सोडलेली मीटिंग दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

---

नीलांबरी

शेवटावरून आमच्या सोसायटीची गोष्ट आठवली. पुनर्विकासाची सभा. सेक्रेटरींनी तीन बिल्डरांच्या प्रस्तावांची तुलना इतकी छान केली होती, एकेक मुद्दा पायरी-पायरीने. शेवटची स्लाईड "प्रश्न?". पहिलाच प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, त्यांच्या बाथरूमच्या गळतीचा. तो चाळीस मिनिटं चालला. दोघांचं भांडण झालं, कुणीतरी २०१४ च्या रंगकामाचा हिशोब काढला. मी घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, काय ठरलं? माझ्या तोंडून निघालं, "गळतीचं काही झालं नाही." तीन बिल्डरांपैकी एकाचंही नाव मला आठवेना!

विषय जरा वेगळा आहे, माहितेय.

---

पाठकोरा

अजिबात वेगळा नाही. वक्त्याच्या शेवटच्या स्लाईडला शेवट मानायची चूक सगळे करतात. लोकांच्या लेखी शेवट म्हणजे उठण्याआधी जे घडलं ते. सभेत ते बहुतेकदा शेवटच्या प्रश्नकर्त्याच्या हातात असतं.

म्हणून प्रश्न शेवटून दुसरे घ्यायचे. "एक गोष्ट राहिलीय, ती सांगून थांबणार आहे, त्याआधी काही विचारायचं असेल तर विचारा," असं म्हणायचं आणि कीबोर्डवर `B` दाबायचं. पॉवरपॉईंटमध्ये पडदा काळा होतो, लोक स्लाईड सोडून एकमेकांकडे बघतात. पुन्हा `B` दाबलं की होती तीच स्लाईड परत येते. भांडण झालं तर होऊ दे. ते झाल्यावरही शेवट तुझ्याच हातात उरतो.

कोकणीच्या तीन ओळींबद्दल: त्या हव्यात, पण पडद्यावर नकोत. फळ्यावर खडूने, लोक सांगतील तशा लिहायच्या. पडद्यावर आधीच छापून आल्या की ठराव बाहेरून आला असं होतं.

---

कोकणी_कन्सल्टंट

फळ्याचं मान्य. शेवटच्या फोटोबद्दल माझं मत तेच आहे, असो.

---

बांधावरचा

मी शेतकरी आहे, माझा पाच एकर कांदा असतो. सगळं वाचलं. कांद्याच्या नावाने बोंब ठोकायच्या आधी एक सांगा, ताई, एकराला किती पाणी धरलंय?

---

माळरान

एकरी २० लाख लिटर, दादा. गव्हाला १८, हरभऱ्याला १०.

---

बांधावरचा

२० लाख कुणी मोजलं? पुस्तकात बघून ना? आमच्या गावात असं कुणी सांगितलं तर मी पहिला उठेन. मी ठिबकवर घेतो. आणि लाख-कोटी लिटर म्हणजे काय ते मला कळतच नाही. मला तास कळतात. मोटार किती तास चालली, लाईट किती तास होती.

---

पाठकोरा

माळरान, ह्या दादांना नमस्कार कर. तुझी सगळी साखळी ज्या कडीवर लोंबकळतेय ती त्यांनी दाखवली. प्रत्येक स्लाईड मागच्या स्लाईडवर उभी असण्याचा हा तोटा आहे. सुट्या मुद्द्यांच्या पीपीटीत एक मुद्दा पडला तर बाकीचे उभे राहतात, साखळीत मात्र एक तुटला की पुढचं सगळं खाली येतं. एकरी २० लाख हे कुणी मानलं नाही, तर ६३ गेले, १४ गेले आणि तुझा शेवटही गेला.

म्हणून ज्या आकड्यावर वाद होणार तो सगळ्यात आधी आण, आणि तू सांगू नकोस, त्यांच्याकडूनच काढून घे. त्या गावात अजून एकदा जायला जमेल का? एखाद्या विहिरीवर जा, पाईपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेव आणि मोबाईलवर सेकंद मोज.

---

माळरान

काका, काल जाऊन आले! पाच एचपीची मोटार, ड्रम २५ सेकंदांत भरला. तीनदा मोजलं, २४, २५, २६. आजूबाजूला आठ-दहा जण जमले, त्यातल्या एकाने ड्रम धरला. त्याचाच फोटो काढलाय.

२५ सेकंदांत २०० म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. विचारलं, एकर कांदा भिजवायला किती तास? म्हणाले सहा. म्हणजे एका पाण्याला पावणेदोन लाखाच्या आसपास. पाळ्या किती? बारा. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार. पुस्तकातला आकडा आणि त्यांचा आकडा जवळजवळ तोच! मी तिथेच उडी मारली, ते लोक बघत राहिले.

आणि परत येताना गाडीत अजून एक सापडलं. गावात १,८०० माणसं, माणशी ५५ लिटर धरले (जलजीवन मिशनचं प्रमाण) तर गाव दिवसाला ९९,००० लिटर पितं. साधारण एक लाख. म्हणजे एक एकर कांदा गावाचं वीस दिवसांचं पिण्याचं पाणी घेतो. हे मी इतकी वर्षं कुठल्याच स्लाईडवर टाकलं नव्हतं.

नवा क्रम:

१. मेमधली विहीर आणि टँकर. एकही शब्द नाही.
२. हा ड्रम २५ सेकंदांत भरला.
३. म्हणून एकराच्या एका पाण्याला पावणेदोन लाख लिटर जातात.
४. म्हणून बारा पाळ्यांना २० लाख.
५. पण गाव दिवसाला एक लाखच पितं. (एक एकर = वीस दिवस)
६. आपल्या मनातल्या पिकांना मिळून ६३ कोटी लागतात.
७. पण शेतीला ४९ कोटी आहेत.
८. म्हणून १४ कोटी कुठून तरी काढावे लागतील: १०० एकर गव्हाऐवजी हरभरा घेतला तर ८, ३० एकर कांदा कमी केला तर ६.
(काळा पडदा, प्रश्न, फळा)
९. मेमधली विहीर.

---

दिमडी

व्वा. पाचव्यावर मध्यंतर आहे बघा. तिथे थोडं थांबा, लगेच पुढे जाऊ नका. आमच्याकडे तिथे बुक्का लावतात.

---

बांधावरचा

आता पटलं. पण सहावर उडी आहे. एक एकर कांद्यावरून एकदम सगळ्या गावाचे ६३ कोटी. गहू-हरभऱ्याचं कुठून आलं? तिथे माझा धागा सुटतो.

दुसरं म्हणजे, आठव्यात ठिबक कुठेय? कांदा कमी करा म्हणता, त्याऐवजी ठिबक करा म्हणा की. माझं पाणी चाळीस टक्के वाचतं. ७५ एकर ठिबकवर आणला तर एकरी ८ लाख वाचतात, तुमचे ६ कोटी निघाले. एक एकरही कमी करायला नको.

---

पाठकोरा

सहावरच्या उडीचं दादांचं बरोबर आहे. माळरान, पाच आणि सहाच्या मध्ये एक पान घाल, तीन पिकं तीन ड्रमांच्या रांगांत. कांद्याला २० ड्रम, गव्हाला १८, हरभऱ्याला १०. एक ड्रम म्हणजे एक लाख, म्हणजे गावाचा एक दिवस. लिटर हा शब्द पाचव्या पानानंतर पुन्हा आलाच नाही तरी चालेल. मग ६३ कोटी म्हणजे ६,३०० दिवस आणि ४९ म्हणजे ४,९०० दिवस होतात, ते जरा हास्यास्पद होतं. तिथे काय करावं याचा मलाही अजून विचार करावा लागेल.

ठिबकचं मात्र इतकं सरळ नाही. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरून विहिरीतच येतं. ठिबकमध्ये ते मुळात वाहून जात नाही, पण मुरतही नाही. म्हणजे तुमच्या मोटारीचे तास चाळीस टक्क्यांनी कमी झाले तरी गावाच्या ताळ्यात तेवढी बचत दिसेलच असं नाही. त्यात वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी दोन एकर वाढवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

बांधावरचा

मुरतं ते शेजाऱ्याच्या विहिरीत. मला त्याचा काय उपयोग? आणि वाढवलं तर वाढवलं, बँकेचा हप्ता काय तुम्ही भरणार?

---

पाठकोरा

शेजाऱ्याची विहीरही ताळेबंदात आहे, दादा. पण हप्त्याचं तुम्ही म्हणता त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

माळरान, आठव्या पानावर ठिबक पर्याय म्हणून घाल, मात्र त्यापुढे ६ कोटी लिहू नकोस. जागा मोकळी सोड.

---

चकलीवाली

त्या ड्रमांच्या रांगा एकेक करून येतील असं ॲनिमेशन ठेव गं. इथे तरी चालेल ना?

---

माळरान

ताई, इथे चालेल काय, हवंच आहे! ड्रम एकदम आले तर कुणी मोजत नाही. एकेक आला तर लोक मनात मोजतात. घालते.

---

माळरान

मंडळी, झाली सभा. काल रात्री आले, झोपून उठून लिहितेय.

पहिला फोटो लावला आणि ठरल्याप्रमाणे काही बोलले नाही. दहा-बारा सेकंद शांतता. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "ती घागर माझी हाय." मी हे योजलं नव्हतं.

ड्रमचं पान आलं तेव्हा ज्याने ड्रम धरला होता तो समोरच बसला होता. पुढची तीन पानं त्यानेच सांगितली म्हणा ना. मी फक्त पुढे ढकलत होते. पाचव्यावर, एक एकर वीस दिवस, सगळे गप्प. दिमडी, थांबले. पाण्याचा ग्लास घेतला, प्यायले, ठेवला.

पिकांच्या ड्रमांवर अपेक्षेप्रमाणे अडलं. एक जण ठिबकवाले निघालेच (बांधावरचा दादा, तुमचे भाऊ शोभतील). दुसरे म्हणाले, हरभऱ्याला आम्ही दोनच पाणी देतो, दहा ड्रम कुठले. चाळीस मिनिटं गेली. मी त्यांच्यासमोरच हरभऱ्याचे ड्रम दहाचे आठ केले. त्यामुळे पुढची सगळी बेरीज बदलली आणि पुढच्या पानांवर जुनेच आकडे! ६३ चे ६० झाले, तूट १४ ची ११ झाली, ती फळ्यावर खडूने केली. गव्हाऐवजी हरभरा घेतला तर आता ८ ऐवजी १० वाचत होते, तेही फळ्यावरच. ती दोन पानं मी दाखवलीच नाहीत. खरं तर फळ्यावरची बेरीज लोकांनी जास्त लक्ष देऊन बघितली.

तेवढ्यात अंधार पडायला लागला, माणसं चुळबुळू लागली. पडदा काळा केला, प्रश्न घेतले. माजी सरपंच आणि आताचे सरपंच यांचं टँकरच्या बिलावरून जुंपलं. दहा मिनिटांनी मी शेवटच्या पानाचा नंबर दाबला आणि एंटर मारलं. विहीर आली. दोघं बोलता बोलता थांबले. मी एवढंच म्हणाले, "या मेमध्ये मी परत फोटो काढायला येणार आहे." आणि लॅपटॉप मिटला.

ठरलं काय? ऐंशी एकर गव्हाऐवजी हरभरा, हे हात वर करून झालं. म्हणजे ८ कोटी वाचतील, तरी ३ कमीच. कांद्याचं ठरलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसणार आहेत. रोपं टाकून झालेली आहेत, कोण मोडणार.

---

कोकणी_कन्सल्टंट

अभिनंदन. ८० एकर म्हणजे लहान गोष्ट नाही. पण बघा, शेवट फोटोवर केलात आणि कांद्याचा निर्णय लटकला. शेवटच्या पानावर तारीख आणि नाव असतं तर?

---

पाठकोरा

नाव असतं तर पुढच्या आठवड्यात कुणी बसलंच नसतं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, हेही खरं.

माळरान, पुढच्या वेळी बेरजेची पानं आकडे रिकामे ठेवूनच ने. जे सभेत बदलू शकतं ते छापून नेऊ नये, हे मलाही आधी सुचायला हवं होतं.

---

माळरान

हो काका, तसंच करते. आता नवी अडचण. पुढच्या गावात विहिरी जवळजवळ नाहीतच, सगळं बोअरवर. बोअरचा मेमधला फोटो काय काढणार? जमिनीतून आलेला एक पाईप आणि टोपण, जूनमध्येही तसंच, मेमध्येही तसंच. पहिलं आणि शेवटचं पान कशाचं करू?

---

बांधावरचा

पाईप मोजा, ताई. मोटार वर काढतात तेव्हा वीस फुटी पाईप एकेक सुटा करून ओळीत आडवे टाकतात. आमच्या बोअरची मोटार गेल्या वर्षी जळाली तेव्हा काढलेले पाईप अंगणातून पार रस्त्यावर गेले होते. वडील म्हणाले, बोअर पाडला तेव्हा ही रांग गोठ्यापर्यंतच होती. गावात कुणाची ना कुणाची मोटार रोज निघतच असते. तिथे उभ्या राहा.